व्हायवा: सॅम्पलिंग, फिल्टर, ट्रान्सफॉर्म – नेहमीचे प्रश्न आणि तोंडी देता येतील अशी उत्तरं

रात्रीचा_अभ्यास

सिग्नल प्रोसेसिंगची तोंडी परीक्षा जवळ आली आहे. व्याख्या पाठ आहेत, गणितंही सुटतात. पण आमच्या सीनियर्सचं म्हणणं असं की एक्स्टर्नल व्याख्या विचारतच नाहीत. फळ्यावर एक सिग्नल काढतात आणि त्याच्यावरच वीस मिनिटं फिरवतात. मागच्या तुकडीला दिलेलं उदाहरण मिळालं आहे ते असं: सेन्सरमधून १२० हर्ट्झचा सिग्नल हवा आहे, शेजारच्या यंत्राचा ८८० हर्ट्झचा त्रास त्यात मिसळतो, सॅम्पलिंग सेकंदाला १०००. "आता बोला."

एवढंच. ह्यावर काय काय विचारतील, आणि दोन-तीन वाक्यांत उत्तर कसं द्यायचं? जाणकारांनी कृपया लिहा. मोठी सिद्धता नको, तोंडी सांगता येईल असं हवं.

अर्धविराम

सोपं आहे. पहिला प्रश्न नायक्विस्ट. हव्या असलेल्या सिग्नलची सर्वांत मोठी फ्रीक्वेन्सी १२०, दुप्पट २४०, आपण १००० ने घेतोय म्हणजे भरपूर. ८८० नको आहे, मग सॅम्पल घेतल्यावर डिजिटल लो-पास फिल्टर लावायचा, २०० च्या वरचं सगळं कापायचं. झालं. वीस मिनिटं काय बोलणार ह्यावर?

जुना_पेन

अर्धविराम, हेच उत्तर बहुतेक मुलं देतात आणि मग त्यांची वीस मिनिटं तिथेच जातात. मी परीक्षक म्हणून बरीच वर्षं बसलो आहे, म्हणून सांगतो.

नायक्विस्टची अट "हव्या असलेल्या" फ्रीक्वेन्सीला लागत नाही, एडीसीच्या तोंडाशी जे जे येतं त्या सगळ्याला लागते. ८८० तिथे आलेलं आहे. १००० ने सॅम्पल घेतलं की ५०० च्या वरचं सगळं दुमडून खाली येतं, आणि ८८० येतं १००० − ८८० म्हणजे थेट १२० वर. हव्या असलेल्या सिग्नलच्या डोक्यावरच. आता तुमच्या डिजिटल फिल्टरला दोन्ही १२० च दिसतात. कुठलं ठेवायचं आणि कुठलं टाकायचं, त्याला कसं कळणार?

रात्रीचा_अभ्यास, उत्तर असं द्यायचं: "सर, ८८० हर्ट्झ सॅम्पलिंगनंतर १२० हर्ट्झसारखाच दिसतो, म्हणून तो एडीसीच्या आधी ॲनालॉग फिल्टरनेच काढावा लागेल." एक वाक्य पुरे. परीक्षक म्हणेल सिद्ध करा, तेव्हा cos(2π·880n/1000) लिहा, त्यातून 2πn वजा करा, उरतं cos(2π·120n/1000). n पूर्णांक आहे म्हणून 2πn वजा करता येतं. सगळी गोम त्या "पूर्णांक" शब्दात आहे, तो मोठ्याने म्हणा.

मृण्मयी_क

विश्वास नसेल तर घरी हे चालवून बघ:

```python
import numpy as np
n = np.arange(50)
a = np.cos(2*np.pi*120*n/1000)
b = np.cos(2*np.pi*880*n/1000)
print(np.allclose(a, b))
```

`True` येतं. मग दोन्हीकडे `cos` च्या जागी `sin` घाल. आता `False` येईल, कारण b बरोबर a च्या उलट्या चिन्हाचा असतो. हा पोटप्रश्न मी स्वतः विचारते: "साइन घेतली तर काय बदलेल?" फ्रीक्वेन्सी तीच, फेज उलटी. ५०० आणि १००० च्या मधलं जे काही असतं ते आरशातून खाली येतं, म्हणून.

खटपट्या

हा आरसा मी प्रत्यक्ष पाहिलाय. मोटरवर कंपनाचा सेन्सर लावला होता, सेकंदाला ५०० वाचनं. स्पेक्ट्रममध्ये २० हर्ट्झवर एक ठसठशीत टोक. आम्ही पाया सैल आहे, बोल्ट सैल आहेत असं सगळं तपासत बसलो. गंमत म्हणजे मोटरचा वेग वाढवला की ते टोक खाली सरकायचं! वेग वाढल्यावर कंपनाची फ्रीक्वेन्सी कमी कशी होईल?

शेवटी एकाने सॅम्पलिंग ५०० चं ६०० केलं. टोक २० वरून उडून १२० वर गेलं. खरं कंपन ४८० हर्ट्झचं होतं. ५०० मधून ४८० गेले २०, ६०० मधून ४८० गेले १२०. बोल्ट बिचारे ठीक होते.

जुना_पेन

खटपट्या, तुमचं उदाहरण व्हायवात सोन्यासारखं आहे. "एलियास आहे हे ओळखाल कसं?" हा प्रश्न हमखास येतो आणि त्यावर मुलं गप्प बसतात. उत्तर: सॅम्पलिंगचा दर थोडा बदलून पाहायचं. खरी फ्रीक्वेन्सी हर्ट्झमध्ये जागेवर राहते, एलियास सरकतो. दुसरी खूण तुम्ही सांगितलीच, मूळ वर गेलं तर एलियास खाली येतो. मात्र ही दुसरी खूण नेहमी मिळत नाही. मूळ ५२० असतं तर ५०० ने घेतल्यावर तेही २० वरच दिसलं असतं, पण वेगाबरोबर वरच गेलं असतं.

अर्धविराम

बरं, ८८० चं मान्य. पण "डिजिटल फिल्टरने एलियास काढताच येत नाही" हे सरसकट विधान मला पटत नाही. समजा त्रास ८८० ऐवजी ७०० चा असता. तो येणार ३०० वर. मला हवं फक्त २०० पर्यंतचं. मग ३०० वरचा एलियास डिजिटल लो-पासने का नाही जाणार?

जुना_पेन

जाईल. मुद्दा अगदी बरोबर आहे आणि चांगल्या परीक्षकाला हे ऐकून आनंद होईल. एलियास हव्या असलेल्या पट्ट्याबाहेर पडला तर तो नंतर काढता येतो. पट्ट्यात पडला की संपलं.

ह्याचा व्यवहारातला उपयोगही लक्षात घ्या. पाठ्यपुस्तकी उत्तर असतं की ॲनालॉग फिल्टरने ५०० च्या वरचं सगळं मारायला हवं. पण आपल्याला २०० पर्यंतचंच हवं असेल, तर २०० च्या आत येऊन पडणारं पहिलं संकट ८०० ला सुरू होतं. म्हणजे फिल्टरला उतरायला २०० ते ८०० एवढी जागा मिळते, २०० ते ५०० नव्हे. ५०० ते ८०० मधलं जे घुसेल ते २०० ते ५०० मध्ये पडेल आणि त्याला डिजिटल फिल्टर बघून घेईल.

रात्रीचा_अभ्यास

हे छान समजलं. मग पुढचा प्रश्न असणार की ॲनालॉग फिल्टर कोणता. एक रेझिस्टर आणि एक कपॅसिटर चालेल का?

जुना_पेन

आकडा काढून सांगायचा. आरसी फिल्टरचा कटऑफ २०० ला ठेवला तर ८८० हे त्याच्या ४.४ पट. तिथे उरतं 1/√(1 + 4.4²), म्हणजे साधारण ०.२२. त्रास मुळातल्या २२ टक्के शिल्लक, १३ डीबीच कमी. वर १२० चा आपला सिग्नलही ०.८६ वर आला. म्हणजे चालणार नाही. चौथ्या ऑर्डरचा बटरवर्थ घेतला तर तीच ८८० ची पातळी सुमारे ३७५ पटीने खाली जाते, ५१ डीबी, आणि १२० ला जवळजवळ धक्का लागत नाही.

"आरसीच वापरायचं आहे, दुसरा भाग मिळणार नाही," असं परीक्षक अडून म्हणाला तर? तर सॅम्पलिंग वाढवा. ८००० ने घेतलं की ८८० हे ८८० म्हणूनच दिसतं, कुणाच्या डोक्यावर येत नाही. आता २०० च्या आत दुमडणारं संकट ७८०० च्या पुढे गेलं, आणि तिथे साधा आरसीसुद्धा जवळपास ३२ डीबी कमी करतो. मग ८८० डिजिटल फिल्टरने काढा आणि दर आठातला एक नमुना ठेवा. क्रम महत्त्वाचा: आधी फिल्टर, मग आठातला एक. उलट केलंत तर ८८० पुन्हा १२० वर.

सहज_वाचक

दुप्पट की दुपटीपेक्षा जास्त, हे नक्की काय ते सांगाल का? आमच्या वेळी "किमान दुप्पट" असं लिहून पूर्ण गुण मिळायचे.

मृण्मयी_क

लेखी परीक्षेत मिळतात. तोंडी परीक्षेत मी विचारते: "५०० हर्ट्झची साइन १००० ने घ्या, नमुने सांगा." sin(πn), सगळे शून्य. सिग्नल आहे, पण हातात काही नाही. कोसाइन घेतली तर +१, −१, +१, −१ असं मिळतं. मधल्या फेजला मधलं काहीतरी, आणि त्यावरून मूळ उंची किती होती ते सांगता येत नाही. म्हणून "दुपटीपेक्षा जास्त" म्हणावं.

रात्रीचा_अभ्यास

आता फिल्टर. सीनियर्सच्या कागदावर हे लिहिलेलं आहे: `y[n] = 0.9 y[n-1] + 0.1 x[n]`, आणि खाली "सगळं सांगा".

अर्धविराम

आयआयआर आहे कारण मागचं आउटपुट परत घेतलंय. आयआयआर अनस्टेबल असतात, त्यामुळे हा अनस्टेबल. एफआयआर नेहमी स्टेबल आणि त्याची फेज नेहमी लिनियर.

मृण्मयी_क

तीन विधानांतलं पहिलं बरोबर. आयआयआर अनस्टेबल *होऊ शकतात*. इथे पोल ०.९ ला आहे, युनिट सर्कलच्या आत, म्हणून स्टेबल. एक इम्पल्स टाकून पाहा: ०.१, ०.०९, ०.०८१, ०.०७२९... विझत जातंय. सगळ्यांची बेरीज बरोबर १, म्हणजे डीसी जसाच्या तसा बाहेर येतो. "डीसी गेन किती" ह्याचं उत्तर इथेच मिळालं, झेड ट्रान्सफॉर्म न लिहिता. लिहायचाच असेल तर 0.1/(1 − 0.9z⁻¹) मध्ये z = 1 घाला, तेच येतं.

एफआयआर स्टेबल असतो हे खरं. लिनियर फेज मात्र त्याच्या सहगुणकांत सममिती असेल तरच, मधोमध घडी घातली की दोन्ही बाजू जुळल्या पाहिजेत, किंवा चिन्ह उलटं करून जुळल्या पाहिजेत. मनाला येतील ते सहगुणक घातले तर फेज लिनियर राहत नाही.

जुना_पेन

ह्या एका ओळीवर मी विद्यार्थ्याची पातळी ओळखतो. खडू घेऊन ०.९ च्या आधी फक्त एक वजा चिन्ह काढायचं आणि विचारायचं, "आता?" पोल −०.९ ला गेला. बहुतेक मुलं म्हणतात अनस्टेबल, कारण वजा दिसलं. स्थिरता पोलच्या अंतरावर ठरते, चिन्हावर नाही. बदललं ते वेगळंच: z = 1 ला गेन 0.1/1.9, म्हणजे ०.०५ च्या आसपास, आणि z = −1 ला, म्हणजे ५०० हर्ट्झला, गेन १. लो-पासचा हाय-पास झाला.

मग ०.९ पुसून १.१ लिहितो, तो फुगत जातो, अनस्टेबल. मग १.० लिहितो, आणि तिथे चांगली मुलंही अडखळतात. पोल बरोबर वर्तुळावर आहे. इम्पल्स दिला तर आउटपुट ०.१ वर कायमचं थांबतं, विझत नाही आणि फुगतही नाही. पण सतत १ देत राहिलात तर दर नमुन्याला ०.१ वाढत अनंताकडे जातं. मर्यादित इनपुटला अमर्याद आउटपुट, म्हणून बीबो अर्थाने स्टेबल नाही. नुसतं "मार्जिनल" म्हणून थांबू नका, हे इनपुटचं उदाहरण द्या.

खटपट्या

मी तो ०.९ वाला फिल्टर कंट्रोलरमध्ये कायम वापरतो, दोन ओळींत होतो. आमच्याकडे एकदा कुणीतरी सल्ला दिला की एफआयआर घ्या, फेज चांगली. ५१ टॅपचा घातला. सेन्सरचं वाचन उशिरा यायला लागलं आणि कंट्रोल लूप डुलायला लागला. तर एफआयआर म्हणजे उत्तम हे काही खरं नाही.

मृण्मयी_क

५१ टॅपचा सममित एफआयआर २५ नमुन्यांचा उशीर करतो, १००० च्या दराला २५ मिलिसेकंद. सगळ्या फ्रीक्वेन्सीला सारखाच उशीर, म्हणून लहरीचा आकार बिघडत नाही, पण उशीर तो उशीरच. "एफआयआर की आयआयआर" ह्या प्रश्नाला "कशासाठी" असं विचारून उत्तर सुरू करावं. ईसीजीसारखं आकारावरून निदान करायचं असेल तर एफआयआर. लूपमध्ये असेल तर कमी ऑर्डरचा आयआयआर.

जुना_पेन

मी इथे थोडा वेगळा आहे. विद्यार्थ्याने परीक्षकालाच प्रश्न विचारला की काही परीक्षक चिडतात. थेट म्हणा, "सर, लहरीचा आकार जपायचा असेल तर एफआयआर, उशीर परवडत नसेल तर आयआयआर." तेच सांगितलं, विचारलं नाही.

मृण्मयी_क

चिडणाऱ्या परीक्षकाला सांभाळून उत्तरं रचायची का, हा वेगळा धागा होईल. मी माझ्या विद्यार्थ्यांना विचारायलाच सांगते.

रात्रीचा_अभ्यास

दोन्ही लिहून ठेवते :) आता ट्रान्सफॉर्म. ह्याचीच भीती जास्त आहे. त्याच १२० हर्ट्झचे १०० नमुने घेऊन डीएफटी काढा, टोक कुठे येईल?

अर्धविराम

हे मी नक्की सांगू शकतो. १००० भागिले १००, म्हणजे एकेक बिन १० हर्ट्झचं. १२० म्हणजे बारावं बिन. आणि दुसरं टोक ८८ व्या बिनवर, ते ८८० हर्ट्झच्या त्रासाचं. म्हणजे बघा, एफएफटीत ८८० वेगळा दिसतोच की! तिथून काढून टाका.

जुना_पेन

ह्याच सापळ्यासाठी परीक्षकाने १२० आणि ८८० हे आकडे निवडले असणार!

८८ व्या बिनवरचं टोक त्रास असो वा नसो, येणारच. खऱ्या संख्यांचा सिग्नल असला की डीएफटीचा वरचा अर्धा भाग खालच्याचं प्रतिबिंब असतो. बिन ८८ म्हणजे −१२० हर्ट्झ, कारण १०० च्या चक्रात ८८ आणि −१२ एकच. त्रासाचं यंत्र बंद करा, शुद्ध १२० द्या, दोन्ही टोकं सारख्याच उंचीची येतील. आणि यंत्र चालू केलंत तर बिन ८८ एकटं वाढणार नाही, १२ आणि ८८ दोन्ही एकदम बदलतील. फेज जुळली तर वाढतील, नाहीतर कमीही होतील.

तोंडी उत्तर: "बारा आणि अठ्ठ्याऐंशी, दुसरं हे ऋण फ्रीक्वेन्सीचं प्रतिबिंब आहे, त्यावरून ८८० हर्ट्झ आहे की नाही हे कळत नाही." मग उंची विचारतील. उंची १ च्या साइनला १०० नमुन्यांत प्रत्येक टोक ५० चं, कारण अर्धी ऊर्जा म्हणा, अर्धा भाग इकडे आणि अर्धा तिकडे.

मृण्मयी_क

"अर्धी ऊर्जा" म्हणू नका हो, मुलं तेच लिहितील. अर्धा ॲम्प्लिट्यूड. cos म्हणजे दोन घातांकी पदांच्या बेरजेचा अर्धा, म्हणून N/2.

जुना_पेन

मान्य. अर्धा ॲम्प्लिट्यूड.

सहज_वाचक

एफएफटी लावली तर डीएफटीपेक्षा जास्त अचूक टोक मिळेल ना? म्हणजे १२० च्या ऐवजी १२५ असेल तरी बरोबर दाखवेल?

मृण्मयी_क

नाही. एफएफटी ही डीएफटी काढायची झटपट रीत आहे, उत्तर तेच. १०२४ नमुन्यांना सरळ पद्धतीने दहा लाखांहून जास्त गुणाकार लागतात, रेडिक्स-२ ने सुमारे ५१२०. फरक वेळेचा.

१२५ चं दुखणं दोन्हीकडे तेच. १०० नमुन्यांत १२५ हर्ट्झची साडेबारा आवर्तनं बसतात. बारावं आणि तेरावं बिन दोन्हींत विभागून येतं, प्रत्येकाची उंची पूर्णपेक्षा कमी, ०.६४ च्या आसपास, आणि बाकीच्या सगळ्या बिन्समध्ये थोडं थोडं सांडतं. त्यालाच लीकेज म्हणतात. हान विंडो लावली की दूरवर सांडणं खूप कमी होतं, पण मधलं टोक रुंद होतं. फुकट काही नाही.

रात्रीचा_अभ्यास

म्हणूनच झीरो पॅडिंग करतात ना? १०० नमुन्यांपुढे ९०० शून्यं लावली की बिन १ हर्ट्झचं होतं, मग १२५ बरोबर दिसेल. म्हणजे रिझोल्यूशन दहापट वाढलं. आमच्या लॅबच्या वहीत असंच लिहिलंय.

जुना_पेन

पहिलं वाक्य बरोबर, दुसरं नाही. एकटाच १२५ असेल तर हो, टोक १२५ ला नीट दिसेल. शून्यांनी त्याच वक्राचे जास्त बिंदू काढले. पण १२० आणि १२४ असे दोन जवळचे सूर असतील, तर १०० मिलिसेकंदांच्या नोंदीत ते एकाच ढिगात मिसळलेले आहेत. शून्यं कितीही लावा, ढीग जास्त गुळगुळीत दिसेल, दोन होणार नाहीत. वेगळे करायचे तर जास्त वेळ ऐकावं लागतं: ४ हर्ट्झचं अंतर म्हणजे निदान पाव सेकंद, २५० नमुने. हान विंडो असेल तर त्याच्याही साधारण दुप्पट.

उत्तर: "शून्यांनी बिन्समधलं अंतर कमी होतं, वेगळं करण्याची क्षमता नोंदीच्या काळावर ठरते."

अर्धविराम

पण पाव सेकंद म्हणजे नेमकं पाव सेकंदच का? दोघांच्या उंचीत फरक असेल, फेज वेगळी असेल, तर थोड्या कमी वेळातही खळगा दिसू शकेल की.

मृण्मयी_क

दिसू शकतो, आणि उलट कधीकधी पाव सेकंदातही दिसत नाही. 1/T हा अंगठ्याचा नियम आहे, भिंत नाही. दोन सूर एकाच उंचीचे धरले तर ठीक. एक दुसऱ्यापेक्षा ४० डीबी लहान असेल तर विंडोशिवाय तो मोठ्याच्या सांडलेल्या भागातच बुडतो, वेळ कितीही असो असं नाही, पण बराच जास्त लागतो.

खटपट्या

माझा प्रश्न: एक्स्टर्नलच म्हणाला की झीरो पॅडिंगने रिझोल्यूशन वाढतं, तर? आमच्या एका सहकाऱ्याला मुलाखतीत असं झालं होतं.

जुना_पेन

"बिन स्पेसिंगच्या अर्थाने हो, दोन सूर वेगळे करण्याच्या अर्थाने नाही" म्हणायचं. दोघांचं समाधान.

मृण्मयी_क

माझं होणार नाही, पण ठीक.

रात्रीचा_अभ्यास

अजून एक. कागदावर "३ पॉइंट, 666" असं काहीतरी आहे. त्याचा अर्थ लागत नाही.

मृण्मयी_क

हा सर्क्युलर कन्व्होल्यूशनचा प्रश्न असणार. [1, 2, 3] हा सिग्नल आणि [1, 1, 1] हा फिल्टर. नेहमीचं कन्व्होल्यूशन केलं तर 1, 3, 6, 5, 3 अशी पाच पदं. पण दोघांची तीन-तीन पॉइंटची डीएफटी घेऊन गुणाकार केला आणि परत आणलं, तर जागाच तीन पदांची. शेवटची 5 आणि 3 गुंडाळून सुरुवातीला येऊन बसतात: 1+5, 3+3, 6. म्हणून 6, 6, 6.

इलाज विचारतील. दोघांना आधी शून्यं लावून निदान ५ पदांचं करा, लांबी L + M − 1. आपल्या उदाहरणात १०० नमुने आणि ५१ टॅप, म्हणजे १५०. व्यवहारात कुणीही १५० घेत नाही, २५६ घेतात.

आणि लक्षात आलं का, एलियासिंग फ्रीक्वेन्सीत झालं होतं, हे काळात झालं. सॅम्पलिंग ज्या बाजूला करता, त्याच्या समोरच्या बाजूला दुमड पडते. डीएफटी म्हणजे स्पेक्ट्रमचंच सॅम्पलिंग. हे जो विद्यार्थी आपणहून म्हणतो त्याला मी पुढे फारसं विचारत नाही.

रात्रीचा_अभ्यास

वा! हे शेवटचं वहीत कुठेच नव्हतं.

आज लॅबमध्ये खरोखर हे करून पाहिलं. १०० नमुने, १२० चा सिग्नल. टोकं १२ आणि ८८ ला आली, पण त्याहून मोठं टोक शून्याव्या बिनवर आलं, तिपटीहून जास्त. सिग्नल तर बरोबर होता. हे विचारलं तर काय सांगू?

खटपट्या

सेन्सर एकाच सप्लायवर चालतोय का? मग आउटपुट शून्याभोवती नसतं, मधल्या पातळीवर बसवलेलं असतं.

रात्रीचा_अभ्यास

हो, ३.३ व्होल्टचा सप्लाय. सिग्नल साधारण १ व्होल्ट उंचीचा.

जुना_पेन

मग झालं तर. मधली पातळी १.६५ व्होल्ट, शून्याव्या बिनवर सगळ्या नमुन्यांची बेरीज येते, १०० गुणिले १.६५ म्हणजे १६५. तुमच्या साइनचं टोक ५०. तिपटीहून जास्त, तुमचं निरीक्षण आकड्याशी जुळतंय.

सरासरी काढून प्रत्येक नमुन्यातून वजा करा आणि मगच हान विंडो लावा. आधी विंडो लावून नंतर सरासरी वजा केलीत, तर विंडोने ती १.६५ ची पातळी पहिल्या बिनवर पसरवलेली असते आणि तिथून ती वजाबाकीने जात नाही.

रात्रीचा_अभ्यास

वजा केल्यावर शून्यावं बिन गेलं. पहिलं बिन थोडं शिल्लक आहे अजून, ते बघते.